चाळीसपैकी सव्वीस बरोबर, तरी तोटा!

आमच्या एका शिक्षकमित्राकडे त्यांचा माजी विद्यार्थी एक वही घेऊन आला. तो पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. गणितात चांगला आणि टापटिपीचाही. त्याने मोबाइलवरून एका लहानशा क्रिप्टो कॉइनचे चाळीस सौदे केले होते आणि प्रत्येकाची नोंद ठेवली होती. प्रत्येक सौदा साधारण ५,००० रुपयांचा. कॉइन घ्यायचा आणि भाव दीड टक्का वर गेला की विकून मोकळे व्हायचे. उलट दीड टक्का खाली आला, तरी विकून टाकायचे. काही मिनिटांत आत आणि काही मिनिटांत बाहेर. बाजारात या पद्धतीला ‘स्कॅल्पिंग’ म्हणतात.

चाळीसपैकी सव्वीस वेळा त्याचा अंदाज बरोबर ठरला होता आणि चौदा वेळा चुकला होता. म्हणजे हिशेबाने बारा सौद्यांची आघाडी. ५,००० चा दीड टक्का ७५ रुपये, म्हणून १२ × ७५ = ९०० रुपये नफा व्हायला हवा. खात्यात मात्र १,९०० रुपये कमी झालेले.

“सर, माझं गणित कुठे चुकलं?” हा त्याचा प्रश्न.

त्याचे गणित चुकले नव्हते, अपुरे होते. वहीत ‘भाव’ असा एकच रकाना होता. बाजारात एका वेळी दोन भाव असतात.

दोन भाव

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो, तर ही गोष्ट सहज दिसते. दुकानदाराकडून ६० रुपयांना घेतलेले पुस्तक दोन मिनिटांनी त्यालाच विकू लागलो, तर तो ४० रुपये देईल. त्या दोन मिनिटांत पुस्तकाचे मोल बदललेले नाही. २० रुपयांचा फरक ही दुकान उघडे ठेवण्याची, माल सांभाळण्याची आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वाट पाहण्याची किंमत आहे. ती आपण ‘लगेच हवे’ आणि ‘लगेच विकायचे’ म्हणून भरतो.

क्रिप्टोच्या बाजारात असा एकच दुकानदार नसतो. तेथे एक यादी असते, तिला ‘ऑर्डर बुक’ म्हणतात. मी इतक्या भावाला इतके कॉइन घ्यायला तयार आहे, असे सांगणारे एका बाजूला आणि इतक्याला विकायला तयार आहे, असे सांगणारे दुसऱ्या बाजूला. घेणाऱ्यांपैकी सर्वांत वरचा भाव म्हणजे ‘बिड’ आणि विकणाऱ्यांपैकी सर्वांत खालचा भाव म्हणजे ‘आस्क’. या दोहोंतले अंतर म्हणजे ‘स्प्रेड’. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी १९६८ मध्ये शेअर बाजाराचा अभ्यास करून दाखवले होते, की हे अंतर म्हणजे तत्परतेची किंमत आहे. ज्या शेअरमध्ये व्यवहार कमी, तेथे वाट जास्त पाहावी लागते आणि म्हणून अंतरही मोठे असते. लहान कॉइनचे दुखणे नेमके हेच आहे.

समजण्यासाठी एका काल्पनिक कॉइनची यादी घेऊ. आकडे त्या विद्यार्थ्याच्या अनुभवाला धरूनच घेतले आहेत.

| विकायला तयार: भाव (रु.) | कॉइन | घ्यायला तयार: भाव (रु.) | कॉइन |
|---|---|---|---|
| २.०१० | ३,००० | १.९९० | २,५०० |
| २.०१५ | ४,००० | १.९८५ | ५,००० |
| २.०२५ | ८,००० | १.९७५ | ६,००० |

दोन भावांच्या बरोबर मध्ये २ रुपये येतात. त्याला आपण ‘मधला भाव’ म्हणू. स्प्रेड २ पैशांचा, म्हणजे मधल्या भावाच्या एक टक्का.

आता २,५०० कॉइन लगेच घेऊ आणि लगेच विकू. घेताना २.०१० च्या भावाने ५,०२५ रुपये जातील. विकताना १.९९० ने ४,९७५ रुपये येतील. ५० रुपये गेले. बाजाराने प्रत्येक वेळी ०.२ टक्के दलाली घेतली असे धरले, तर आणखी १०.०५ आणि ९.९५, म्हणजे २० रुपये. एकूण खर्च ७० रुपये, मधल्या भावाच्या १.४ टक्के. भाव जागचा हलला नसताना!

विद्यार्थ्याच्या वहीतला गहाळ रकाना हाच. चाळीस सौदे गुणिले ७० म्हणजे २,८०० रुपये. नफ्याचे ९०० त्यातून वजा केले, की १,९०० चा तोटा पैशापैशाने जुळतो.

किती वेळा बरोबर असायला हवे?

हे गणित वर्गात बीजगणिताचे उदाहरण म्हणून घेता येईल. अंदाज बरोबर ठरला तर मिळणारी वाढ ‘व’ टक्के, चुकला तर होणारी घट ‘घ’ टक्के आणि येण्याजाण्याचा एकूण खर्च ‘ख’ टक्के मानू. बरोबर ठरण्याचे प्रमाण ‘प’ असेल, तर नफा-तोटा शून्य होण्यासाठी

प × (व − ख) = (१ − प) × (घ + ख)

हे समीकरण सोडवले की

प = (घ + ख) ÷ (व + घ)

असे सुटसुटीत उत्तर मिळते. खर्च शून्य आणि वाढ-घट सारखी असेल, तर ‘प’ निम्मा येतो. नाणे उडवून ठरवले तरी चालेल! आता आपल्या उदाहरणातले आकडे घालू. घ = १.५, व = १.५, ख = १.४. म्हणून प = २.९ ÷ ३, म्हणजे तीस सौद्यांपैकी एकोणतीस. चाळीस सौद्यांत निदान एकोणचाळीस वेळा अंदाज बरोबर यायला हवा होता. सव्वीस वेळा बरोबर येणे हे त्या विद्यार्थ्याचे कौशल्य असेल वा नशीब, या खेळात ते पुरेसे नव्हतेच.

तुलनेसाठी बिटकॉइन घेऊ. मोठ्या बाजारांत त्याचा स्प्रेड एरवी इतका बारीक असतो, की अशा हिशेबात तो शून्य धरला तरी बिघडत नाही. दलाली तीच ठेवली, तर ख = ०.४ आणि प = १.९ ÷ ३, म्हणजे सुमारे ६३ टक्के. चाळीसपैकी सव्वीस सौदे म्हणजे ६५ टक्के. तेच सव्वीस बरोबर अंदाज येथे १०० रुपये नफा देऊन गेले असते. मात्र लहान कॉइन जितका उड्या मारतो, तितका बिटकॉइन काही मिनिटांत क्वचितच हलतो. उड्या दिसतात म्हणून तर लोक लहान कॉइनकडे वळतात. त्या उड्यांतल्या खऱ्या किती, हे आता पाहू.

न हललेला भाव हलताना दिसतो

मोबाइलवर जी रेघ दिसते, ती बहुधा ‘शेवटच्या सौद्याचा भाव’ जोडत जाते. आपल्या यादीत कोणी लगेच घेतले, तर सौदा २.०१ ला नोंदला जातो. पुढच्याने लगेच विकले, तर १.९९ ला. मधला भाव दोन रुपयांवरच ठाम आहे. तरी रेघ एक टक्का खाली आली! पुन्हा कोणी घेतले, की ती एक टक्का वर जाते. पाहणाऱ्याला वाटते, ‘किती छान हेलकावे आहेत, तळाला घेऊ आणि माथ्यावर विकू.’ पण तो तळ म्हणजे बिड आणि माथा म्हणजे आस्क. घाईने घेणाऱ्याला माथ्याचाच भाव पडतो आणि घाईने विकणाऱ्याला तळाचाच.

हे वर्गात दहा मिनिटांत करून पाहण्यासारखे आहे. मुलांना एक रुपयाचे नाणे वीस वेळा उडवायला सांगा. छाप पडला तर २.०१ आणि काटा पडला तर १.९९ असा भाव आलेखावर मांडा आणि बिंदू जोडा. हुबेहूब बाजारासारखी करवती रेघ तयार होईल. मग मुलांना विचारा, या आलेखात लागोपाठ दोन वाढी कोठे आहेत का? एकही सापडणार नाही. माथ्यावर पोचल्यावर पुढे एक तर तेथेच थांबायचे किंवा खालीच यायचे. निव्वळ स्प्रेडमुळे होणाऱ्या हालचालीची ओळखीची खूण ही. खऱ्या चढणीत वाढीमागून वाढ येते, येथे ती येत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड रोल यांनी १९८४ मध्ये याच खुणेवरून स्प्रेड मोजण्याची रीत दिली. ती अशी. लागोपाठच्या दोन बदलांचा गुणाकार करायचा आणि अशा सर्व गुणाकारांची सरासरी काढायची. ती ऋण आली, तर तिचे चिन्ह बदलून वर्गमूळ घ्यायचे आणि त्याची दुप्पट करायची. हे उत्तर म्हणजे स्प्रेडचा अंदाज. (सरासरी बदल शून्याच्या जवळ असेल तेव्हा ही सोपी रीत चालते.) आपल्या नाण्याच्या खेळात बदल +२, ० किंवा −२ पैसे असतात. गुणाकार शून्य नसण्याची शक्यता चारांत एक, आणि तेव्हा तो −४ असतो. म्हणून सरासरी −१. एकाचे वर्गमूळ एक, त्याची दुप्पट दोन पैसे. आपण धरलेला स्प्रेड बरोबर तितकाच होता. वीस उडवण्यांत उत्तर थोडे इकडेतिकडे येईल. साऱ्या वर्गाचे आकडे एकत्र केले, की ते दोनाजवळ सरकेल.

सव्वीस आणि सत्तावीस सातोशी

ही गोष्ट अगदी उघडी पडलेले एक खरे उदाहरण आहे. डोजकॉइन हा कॉइन २०१३ च्या डिसेंबरमध्ये थट्टेखातर सुरू झाला. त्याचा भाव काही बाजारांत डॉलरऐवजी बिटकॉइनमध्येही सांगितला जाई. बिटकॉइनच्या नोंदवहीतले सर्वांत लहान माप म्हणजे सातोशी, एका बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. २०२० च्या मे-जूनमध्ये एका डोजकॉइनचा भाव २६ ते २८ सातोशींच्या आसपास होता. भावातली पायरी एक सातोशीपेक्षा लहान असू शकत नव्हती. म्हणून घेणारे २६ वर आणि विकणारे २७ वर उभे राहिले, तर त्याहून जवळ येणे कोणालाच शक्य नव्हते. एक सातोशी म्हणजे तेथे जवळजवळ पावणेचार टक्के!

आलेखावर दिवसभर २६, २७, २६, २७ अशी उडी दिसे, दर उडीला पावणेचार टक्के. २७ ला घेतलेला कॉइन लगेच विकून नफा हवा, तर घेणाऱ्यांनीच २८ पर्यंत चढायला हवे. म्हणजे सारा बाजार दोन पायऱ्या वर सरकायला हवा. ‘कॉइन किती स्वस्त, एका रुपयात किती येतात’ असे म्हणणाऱ्यांनी ही पायरी जरूर मोजावी. एका पायरीला भावाने भागले, की स्प्रेड निदान किती असणार ते कळते.

मग आपणच रांगेत उभे राहिलो तर?

चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील, की लगेच घ्यायचेच कशाला? आपणही २६ ला घेण्याची आणि २७ ला विकण्याची ऑर्डर लावून ठेवू. म्हणजे स्प्रेड आपण भरणार नाही, उलट कमावू. प्रश्न रास्त आहे. अशा ठरावीक भावाच्या ऑर्डरला ‘लिमिट ऑर्डर’ म्हणतात आणि काही बाजार तिला दलालीही कमी लावतात.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली रांगेची. एकाच भावावर जो आधी आला त्याचा नंबर आधी. २६ वर आपल्यापुढे लाखो कॉइनच्या ऑर्डरी असतील, तर तितके कॉइन विकले जाईपर्यंत आपण उभेच.

दुसरी अडचण खोल आहे. आपला नंबर कधी लागेल? विकणाऱ्यांची झुंबड उडून पुढची सारी रांग संपेल तेव्हा. पण झुंबड उडाली याचाच अर्थ भाव आता २५ कडे निघाला आहे. उलट भाव वर जाणार असेल, तर विकणारे येतच नाहीत आणि आपली ऑर्डर तशीच पडून राहते. म्हणजे ज्या वेळी माल नको असतो, नेमका त्याच वेळी तो पदरात पडतो. अमेरिकेतील जॅक ट्रेनर यांनी १९७१ मध्ये ‘वॉल्टर बॅजट’ या टोपणनावाने लिहिलेल्या लेखात ही गोष्ट मांडली होती. रांगेत उभा राहणारा माहीतगाराशी सौदा करून हरतो, आणि ही हार भरून काढण्यासाठी त्याला दोन भावांत अंतर ठेवावेच लागते. म्हणून रांगेत उभे राहिल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो तोंड बदलून समोर येतो.

मोठा सौदा, मोठी गळती

वरच्या यादीकडे पुन्हा वळू. विद्यार्थ्याच्या मनात मुद्दल चौपट करायचे होते. १०,००० कॉइन लगेच घेतले असते तर काय झाले असते? ३,००० कॉइन २.०१० ने, पुढचे ४,००० कॉइन २.०१५ ने आणि उरलेले ३,००० कॉइन २.०२५ ने. बेरीज २०,१६५ रुपये. विकताना २,५०० कॉइन १.९९० ने, ५,००० कॉइन १.९८५ ने आणि २,५०० कॉइन १.९७५ ने. हाती १९,८३७.५० रुपये. फरक ३२७.५० आणि दलाली सुमारे ८०, मिळून ४०७ रुपयांच्या पुढे. सौदा चौपट, पण खर्च ७० वरून जवळजवळ सहापट! टक्केवारी १.४ वरून दोनच्या वर गेली. दीड टक्क्याच्या वाढीसाठी दोन टक्के खर्च, म्हणजे बरोबर ठरलेला अंदाजसुद्धा तोट्यात.

पडद्यावर दिसणारा स्प्रेड फक्त यादीच्या पहिल्या ओळीचा असतो. ती ओळ किती कॉइनची आहे, हे वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शिवाय ही यादी कायमची नसते. भाव घसरू लागला, की घेणारे आपल्या ऑर्डरी मागे घेतात. तोटा थांबवण्यासाठी लावलेली ऑर्डर नेमकी त्याच वेळी सुटते आणि विरळ यादीतून खोलवर घसरत जाते. ती ऑर्डर शेवटच्या सौद्याच्या भावावर बांधलेली असेल आणि मर्यादा स्प्रेडपेक्षा जवळ ठेवलेली असेल, तर भाव न हलता नुसत्या एका विक्रीनेही ती सुटते. विद्यार्थ्याच्या चौदा चुकांपैकी काही अशा निघाल्या, की विकून झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला भाव पूर्वीच्या जागी.

भारतातला आणखी एक रकाना

भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कराचा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून. स्कॅल्पिंगच्या हिशेबात दोन्हींचे वजन मोठे आहे.

टीडीएस हा खर्च नाही. विवरणपत्र भरल्यावर तो करात जमा धरला जातो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसा अडकतो. दर विक्रीला ५० रुपये, म्हणजे चाळीस विक्रींत सुमारे २,००० रुपये. सारे मुद्दल प्रत्येक वेळी फिरवणाऱ्याचे तर चक्रवाढीने उलटे होते. ०.९९ चा पन्नासावा घात सुमारे ०.६०५ येतो. म्हणजे पन्नास सौद्यांत एकही रुपया न हरता चाळीस टक्के मुद्दल हातातून दूर.

दुसरा नियम अधिक जाचक आहे. एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बिटकॉइनचे मघाचे उदाहरण घ्या. सव्वीस सौद्यांत प्रत्येकी ५५ रुपये, म्हणजे १,४३० नफा. चौदा सौद्यांत प्रत्येकी ९५, म्हणजे १,३३० तोटा. निव्वळ नफा १०० रुपये, पण कर १,४३० वर. उपकर न धरताही तो ४२९ रुपये होतो. शंभराच्या नफ्याचा ३२९ चा तोटा झाला. जितके सौदे जास्त आणि प्रत्येकातला नफा जितका बारीक, तितका हा नियम जास्त बोचतो. आणि स्कॅल्पिंग म्हणजे तर बारीक नफ्याचे पुष्कळ सौदे.

वहीत काय असायला हवे?

पैसे न गुंतवताही हे सारे मोजता येते, आणि मोजण्याची जागा सौद्याच्या आधी आहे. एखाद्या कॉइनची ऑर्डर बुक दिवसातून दहा वेगवेगळ्या वेळी पाहावी. प्रत्येक वेळी आपण जितक्या रकमेचा सौदा योजतो, तितके लगेच घेऊन लगेच विकले तर किती रुपये जातील, ते वरच्यासारखे ओळीओळीने मांडावे. त्यात दोन्ही वेळची दलाली मिळवावी. हा ‘ख’. मग जितकी मिनिटे कॉइन ठेवण्याचा बेत आहे, तितक्या मिनिटांत मधला भाव किती हलतो, तेही दहा वेळा टिपावे. शेवटच्या सौद्याचा भाव नको, बिड आणि आस्क यांचा मध्यच हवा. शेवटी ‘प’ काढावा. दिवसाच्या एकूण उलाढालीचा मोठा आकडा पाहून ही मोजणी टाळू नये. काही बाजारांत तीच मंडळी स्वतःशीच घेणे-विकणे करून तो आकडा फुगवतात. त्यामुळे उलाढाल मोठी दिसत असतानाही यादी विरळ असू शकते.

शिक्षकमित्राने विद्यार्थ्याला हेच काम दिले. दहा नोंदी झाल्यावर तो परत आला. त्या कॉइनचा मधला भाव दहा मिनिटांत बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याहूनही कमी हलत होता, आणि येण्याजाण्याचा खर्च एकदाही १.३ टक्क्यांच्या खाली आला नव्हता.

“म्हणजे सर, मी ज्याला भावाची हालचाल समजत होतो, ती माझीच फी होती,” तो म्हणाला. उरलेले पैसे त्याने बँकेत परत घेतले. वही मात्र शिक्षकमित्राने ठेवून घेतली आहे. यंदा अकरावीला सांख्यिकीचा धडा ते त्या वहीवरून शिकवणार आहेत.